विक्री दुप्पट, नफा कमी: आमच्या मसाल्याच्या हिशोबाची सहा वर्षं

कांदा-लसूण मसाला, हळद पूड, मिरची पूड आणि गरम मसाला हा आमचा मुख्य माल. सासूबाईंनी सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात डंक सुरू केला. लोकांची मिरची कांडून द्यायच्या आणि त्यातूनच पुढे स्वतःचा मसाला पाकिटात घालून विकू लागल्या. आता मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघी भागीदार आहोत. धंद्याची वाटचाल सांगायची म्हटलं तर कुठलं मशीन कधी घेतलं आणि कुठल्या जिल्ह्यात माल पोचला, हे सांगता येईल. पण २०१८-१९ ते २०२३-२४ या काळात धंद्याचं नेमकं काय झालं हे आम्हाला नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद टक्क्यांत मांडल्यावर कळलं. म्हणून त्याबद्दलच लिहिते.

रुपयांत चित्र असं होतं. २०१८-१९ ला विक्री १ कोटी ८० लाख आणि नफा १० लाख ८० हजार. २०२३-२४ ला विक्री ३ कोटी ६० लाख, म्हणजे बरोब्बर दुप्पट, आणि नफा ९ लाख. (हा नफा आम्हा भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज धरण्याआधीचा.) कारण विचारलं की घरात आणि बाजारात एकच उत्तर मिळायचं: माल महागला. ते खोटं नव्हतं. ब्याडगी मिरची भडकली होती, २०२३ मध्ये जिऱ्याने तर विक्रमच केला. पण महाग मिरचीबरोबर आम्ही पाकिटाचा भावही वाढवला होता. मग पैसा गेला कुठे?

आमच्या सीएंनी दोन तक्ते करायला सांगितले. पहिल्यात प्रत्येक वर्षाची विक्री १०० धरायची आणि बाकीचा एकेक खर्च त्या शंभरातला किती, ते लिहायचं. याला कॉमन-साइझ पत्रक म्हणतात. विक्री दीड कोटीची असो की साडेतीन, दोन्ही वर्षं एकाच मापाची होतात आणि शेजारी ठेवता येतात. दुसऱ्यात एक वर्ष पाया धरायचं, त्या वर्षीची प्रत्येक ओळ १०० मानायची आणि पुढे ती ओळ किती झाली ते पाहायचं. हा ट्रेंडचा तक्ता. पहिला एका वर्षातली वाटणी दाखवतो, दुसरा प्रत्येक ओळ कुठल्या वेगाने पळतेय ते.

पायाचं वर्ष निवडताना आम्ही बराच विचार केला. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्या वर्षाचे पहिले तीन महिने जुन्या कराचे, उरलेले नवीन, त्यामुळे विक्रीचा आकडाच एकसारखा नाही. २०१८-१९ हे जीएसटीचं पहिलं पूर्ण वर्ष, म्हणून ते घेतलं. २०२०-२१ घेतलं असतं तर? त्या वर्षी हॉटेलं बंद होती आणि आमची विक्री १ कोटी ४४ लाखांवर आली होती. त्या पायावर २०२३-२४ चा आकडा २५० आला असता आणि प्रगती आहे त्याहून खूप मोठी दिसली असती. पडलेल्या वर्षावर उभं केलेलं काहीही उंच दिसतं.

आणखी एक काम आधी करावं लागलं. मधल्या काळात हिशोबनीस बदलले. जुने हिशोबनीस मिरचीचं आवक भाडं आणि हमाली खरेदीत धरायचे, नवीन आले त्यांनी ती वाहतुकीत टाकली. तसंच सोडलं असतं तर एका वर्षात कच्चा माल अचानक स्वस्त आणि वाहतूक अचानक महाग झालेली दिसली असती, प्रत्यक्षात काहीच न बदलता. म्हणून आधी सगळ्या वर्षांची खाती एका पद्धतीत लावून घेतली आणि मगच टक्के काढले.

| बाब | २०१८-१९ (विक्रीचे टक्के) | २०२३-२४ (विक्रीचे टक्के) | ट्रेंड (२०१८-१९ = १००) |
|---|---|---|---|
| विक्री | १०० | १०० | २०० |
| कच्चा माल | ६० | ६२ | २०७ |
| पॅकिंग | ८ | ७ | १७५ |
| मजुरी | १० | ९ | १८० |
| वीज | ३ | २.५ | १६७ |
| वाहतूक | ४ | ४ | २०० |
| वितरकांच्या स्कीम | ३ | ६.५ | ४३३ |
| बँकेचं व्याज | २ | ३.५ | ३५० |
| इतर | ४ | ३ | १५० |
| नफा | ६ | २.५ | ८३ |

ज्या कच्च्या मालाला सगळे दोष देत होते तो साठवरून बासष्टवर गेला होता, एवढंच. पॅकिंग, मजुरी, वीज आणि इतर खर्च मिळून साडेतीनने उतरले होते. म्हणजे माल महागल्याचा फटका तिथेच भरून निघाला होता, उलट थोडं उरलंही होतं. नफा खाल्ला तो दुसऱ्याच दोन ओळींनी, वितरकांना सवलती देणाऱ्या स्कीम आणि बँकेचं व्याज. दोन्ही मिळून पाचवरून दहावर.

पण टक्के वाचतानाही जपावं लागतं. समजा एक किलो मसाला ३०० रुपयांना विकला आणि त्यात १८० रुपयांचा माल आहे, म्हणजे ६० टक्के. मिरची ६० रुपयांनी वाढली आणि आपणही भाव ६० रुपयांनीच वाढवला, तर विक्री ३६० आणि माल २४०, म्हणजे जवळपास ६७ टक्के. टक्का सातने चढला, पण हातात राहणारे १२० रुपये तेवढेच आहेत. भाव चढत्या काळात कच्च्या मालाचा टक्का आपोआप फुगतो आणि मजुरी, वीज यांचा आपोआप उतरतो. आमचा वीजखर्च तीनवरून अडीचवर आला याचा अर्थ आम्ही वीज वाचवली असा नाही.

म्हणून आम्ही तक्त्याशेजारी किलोही मांडले. २०१८-१९ ला ६०,००० किलो माल बिलावर गेला, २०२३-२४ ला ९०,०००. विक्री दुप्पट, पण माल दीडपट. उरलेली वाढ भावाची: किलोमागे ३०० चे ४०० झाले. कच्चा माल किलोमागे १८० वरून २४८ वर गेला, तरी मालाचा खर्च जाऊन हातात १२० ऐवजी १५२ रुपये येत होते.

मग त्या २४८ कडेच जरा नीट पाहिलं. उत्पादनाची वही, सुरुवातीचा आणि शेवटचा साठा जुळवून पाहिलं तेव्हा कारखान्यातून ९२,७०० किलो बाहेर गेलेलं निघालं आणि बिलं ९०,००० किलोचीच. मधले २,७०० किलो वितरकांना दिलेली फुकट पाकिटं होती. फुकट मालाला विक्री नसते, पण त्यातली मिरची कच्च्या मालाच्या खर्चात बसतेच. त्याची किंमत साडेसहा लाखांच्या आसपास, विक्रीच्या १.८ टक्के. म्हणजे साठचे बासष्ट झाले त्यातला जवळपास सगळा भाग स्कीमचाच होता, फक्त दुसऱ्या ओळीत लपलेला. क्रेडिट नोटने, म्हणजे बिलाच्या रकमेतून वजा करून दिलेली सूट स्कीमच्या खात्यात दिसत होती, पाकिटं दिसत नव्हती. २०१८-१९ ला अशी पाकिटं नावापुरतीच होती. दोन्ही एकत्र केल्यावर स्कीमचा खरा बोजा आठ टक्क्यांच्या वर निघाला. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची ओळ हीच. कॉमन-साइझ तक्ता खात्यांच्या नावांवर विश्वास ठेवतो, म्हणून त्या नावाखाली काय काय भरलंय ते आपणच उघडून पाहावं लागतं.

व्याजाचं मूळ ताळेबंदात सापडलं. तिथे एकूण मालमत्ता १०० धरतात. उधारीची येणी २५ वरून ४० वर गेली होती आणि बँकेचं कर्ज ४० वरून ६० वर. कर्जाचा दर फारसा बदलला नव्हता. आम्ही वितरकाला उधार देत होतो आणि ते पैसे बँकेच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या खात्यातून उचलत होतो. हे कधी सुरू झालं, ते ट्रेंडने सांगितलं. २०१९-२० ला विक्री ११० आणि येणी ११५, जवळजवळ बरोबरीने. २०२१-२२ ला विक्री १२५ पण येणी १५५. मग १७० ला २६० आणि शेवटी २०० ला ३६०. फट पडली ती २०२१-२२ ला, आणि त्याच वर्षी आम्ही पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत नवे वितरक नेमले होते. दोनच वर्षं शेजारी ठेवली असती तर हे वर्ष कधीच दिसलं नसतं.

दिवसांत सांगायचं तर उधारी ४१ दिवसांवरून ७३ दिवसांवर गेली. हा आकडा थोडा चढा आहे, कारण येण्यांत जीएसटी धरलेला असतो आणि विक्रीत नसतो. शिवाय आमचा हंगाम उन्हाळ्याचा. फेब्रुवारी ते मे घरोघरी वर्षाचा मसाला होतो आणि ताळेबंद लागतो ३१ मार्चला, हंगाम ऐन भरात असताना. त्या दिवशी उधारी वर्षातली सर्वांत जास्त असते. दरवर्षी तारीख तीच असल्याने वर्षावर्षांची तुलना चालते, पण ‘आपली उधारी ७३ दिवसांची’ असं वर्षभरासाठी म्हणता येत नाही. त्यासाठी आम्ही आता सप्टेंबरअखेरचाही आकडा काढतो.

२०२४-२५ ला सरसकट फुकट पाकिटं बंद केली आणि सूट पैसे वेळेत भरण्याशी बांधली: ३० दिवसांत पैसे आले तर सूट, नाही तर नाही. काही वितरक नाराज झाले, एकाने माल उचलणं थांबवलं. विक्री ३ कोटी ५० लाखांवर आली. पण स्कीम ४ टक्के, व्याज ३ टक्के, कच्चा माल ६१ टक्के आणि नफा ५ टक्के, म्हणजे साडेसतरा लाख. उधारी ५२ दिवसांवर. मजुरी मात्र नऊवरून पुन्हा दहावर गेली. बायका तेवढ्याच, त्यांचा रोज वाढवलेला, आणि माल थोडा कमी. तो टक्का उतरवण्यासाठी कुणाला कमी करायचं नाही, हे आम्ही दोघींनी ठरवूनच ठेवलंय.

आता हाच तक्ता जिल्ह्यावार करायला घेतलाय, कारण एकूण सरासरीत खूप काही झाकलं जातं. वाहतूक सगळी मिळून ४ टक्के दिसते, पण सांगली-कोल्हापूरच्या मालावर ती २ च्या आसपास आहे आणि पुण्याच्या मालावर ६ च्या वर. पुण्यात भाव थोडा जास्त मिळतो. तो त्या वाहतुकीला आणि तिथल्या उधारीच्या व्याजाला पुरतो का, हे येत्या हंगामाचे आकडे लागले की पाहू आणि मग तिथली गाडी चालू ठेवायची की नाही ते ठरवू.