थर्ड ग्रुपमधला NH4Cl आणि अडलेली सही

बी.एस्सी.च्या जर्नलमधला इनऑरगॅनिक भाग सर्टिफाय करून घेताना बाकी सगळं पटापट झालं. ड्राय टेस्ट, ॲसिड रॅडिकल, सेकंड ग्रुप, कुणी पानही उलटून पाहिलं नाही. अडलं ते थर्ड ग्रुपच्या एका ओळीवर: "कॉमन आयन इफेक्टमुळे Fe(OH)3 चा प्रेसिपिटेट मिळतो." हे वाक्य मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे आणि अख्खी बॅच तेच उतरवते. सरांनी त्याखाली लाल पेनाने एवढंच लिहिलं, "कॉमन कोणाला?" आणि वही परत. मग स्टाफरूमबाहेरचं ताटकळणं सुरू झालं. सर भेटले की म्हणायचे, "विचार करून ये." प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर असताना हे ऐकून डोकं फिरायचं.

पण प्रश्न खरा होता. Fe(OH)3 मध्ये Fe3+ आणि OH- असतात. आपण आधी टाकतो NH4Cl. त्यातला एकही आयन या प्रेसिपिटेटमध्ये नाही, मग NH4Cl मुळे त्याची विद्राव्यता कमी कशी होणार? NH4+ कॉमन आहे तो NH4OH ला. NH4OH मुळात वीक बेस. NH4+ वाढला की त्याचं आयनीभवन मागे सरतं आणि द्रावणातला OH- घटतो. म्हणजे NH4Cl प्रेसिपिटेट आणत नाही, तो नको असलेला प्रेसिपिटेट रोखतो. लोखंड तर NH4Cl शिवायही खाली बसतं. रोखायचं असतं ते मॅग्नेशियमला, कारण त्याला पुढे शेवटच्या ग्रुपपर्यंत न्यायचं असतं.

हे नुसतं शब्दांत लिहिलं असतं तर वही पुन्हा परत आली असती, म्हणून आकडे मांडले. 0.2 M MgCl2 आणि 0.2 M NH4OH, प्रत्येकी 2 मिली. मिसळल्यावर आकारमान दुप्पट होतं, म्हणून दोन्ही 0.1 M धरायचे. (इथे निम्मे करायला पुष्कळ जण विसरतात.) Kb घेतला 1.8 × 10^-5, Mg(OH)2 चा Ksp 1.8 × 10^-11.

NH4Cl नसताना:

```
[OH-] = √(1.8×10^-5 × 0.1) = 1.34×10^-3
[Mg2+][OH-]^2 = 0.1 × 1.8×10^-6 = 1.8×10^-7
```

हा आयनिक प्रॉडक्ट Ksp च्या दहा हजार पट आहे, त्यामुळे प्रेसिपिटेट येणारच. आता NH4+ 1 M केला की:

```
[OH-] = 1.8×10^-5 × 0.1 / 1 = 1.8×10^-6
[Mg2+][OH-]^2 = 0.1 × 3.2×10^-12 = 3.2×10^-13
```

आता तो Ksp च्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी झाला. मॅग्नेशियम द्रावणातच राहतं. याच OH- मध्ये 0.1 M Fe3+ साठी गुणाकार येतो 5.8 × 10^-19, आणि Fe(OH)3 चा Ksp साधारण 10^-38 च्या घरातला. OH- इतका घटूनही लोखंडाला तो भरपूर पुरतो. ग्रुप वेगळे होतात ते दोन Ksp मधल्या या प्रचंड अंतरामुळे. NH4Cl फक्त OH- ची पातळी त्या दोघांच्या मध्ये आणून ठेवतो.

सर वाचून म्हणाले, "आता हे करून दाखव." माझ्या मते वहीत लिहिण्यासारखं खरं निरीक्षण हेच आहे. टेस्ट ट्यूबमध्ये नुसतं MgCl2 आणि NH4OH घेतलं, पांढरा जेलीसारखा गढूळपणा आला. त्यातच घन NH4Cl टाकून हलवत राहिलो. आधी कडेने, मग तळापर्यंत गढूळपणा विरळ होत गेला आणि द्रावण स्वच्छ झालं. चिमूटभराने भागवू नका. 4 मिली द्रावण 1 M करायला सुमारे 0.2 ग्रॅम लागतो. हे लोखंडासोबत करून उपयोग नाही, तपकिरी प्रेसिपिटेटमध्ये पांढरा दिसत नाही.

सही झाली. तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

Ksp कुठल्या तक्त्यातला आणि किती तापमानाचा, ते शेजारी लिहाच. Mg(OH)2 साठी काही तक्ते 5.6 × 10^-12 देतात. निष्कर्ष बदलत नाही, पण तोंडी परीक्षेत त्यावरून अडवतात. आणि हे गणित आदर्श द्रावण धरून केलेलं आहे; 1 M मीठ असलेल्या द्रावणात ॲक्टिव्हिटी वेगळी असते, हेही एका वाक्यात नोंदवा.

अमोनियाची बाटली मात्र आधी हुंगून बघा. खूप दिवस उघडी राहिलेली असेल तर वायू उडून गेलेला असतो आणि काहीच खाली बसत नाही. शिवाय तिने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढला असेल तर कार्बोनेट तयार होतं. मग कॅल्शियम, बेरियम थर्ड ग्रुपमध्येच पांढरे खाली बसतात आणि तुम्ही ॲल्युमिनियम समजून पुढे जाता.