खो-खोसाठी हवी होती एक सही

ईराला तापाचं औषध आणायला नौपाड्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हा पर्समध्ये शाळेचा फॉर्म होता. खो-खोच्या टीममध्ये नाव घालायचं तर फिटनेस सर्टिफिकेट हवं. आलोच आहोत तर सही घेऊन टाकू म्हणून तोही पुढे केला. ही माझी पहिली चूक.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून ठेवला. "मर्मर ऐकू येतोय," म्हणाले, म्हणजे हृदयातून रक्त वाहताना येणारा जादा आवाज. नऊ वर्षं तेच तिला तपासतायत, मग आजच कुठून आला? तर तापात रक्त जोरात वाहतं आणि एरवी कानावर न येणारा आवाजही ऐकू येतो. ताप गेल्यावर आठवड्याने परत बोलावलं. आवाज कमी झाला होता, पण गेला नव्हता. त्यांनी लिहून दिलं : 'हृदयात मर्मर आहे, हलके खेळ चालतील.'

शाळेने तो कागद परत केला. क्रीडाशिक्षक म्हणाले, "मॅडम, खो-खो हलका खेळ आहे का, ते तुम्हीच सांगा." राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता. त्या ओळीत ना हो होतं, ना नाही.

मग घोडबंदर रोडवर लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. मला वाटलं, बाई लगेच इको सांगतील. त्यांनी आधी प्रश्न विचारले. पळताना कधी चक्कर येऊन पडली का? छातीत दुखतं का? बाकीच्या मुलांच्या आधी दमते का? सगळ्याला नाही. मग, "घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, "माझा मोठा भाऊ. एकतिसाव्या वर्षी. क्रिकेट खेळताना." आमच्या घरात त्याला 'अटॅक' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. पोस्टमॉर्टेम झालं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं आणि ईराला आधी झोपवून, मग बसवून, मग उभं करून ऐकलं. झोपल्यावर आवाज स्पष्ट, उभी राहिल्यावर जवळजवळ नाहीसा. निरोगी हृदयात असंच होतं म्हणाल्या, कारण उभं राहिलं की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि आवाजही मंदावतो. हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताची वाट अडत असेल, तर बहुधा उलटं होतं; उभं राहिल्यावर आवाज वाढतो. मनगटाची आणि जांघेतली नाडी एकाच वेळी धरून पाहिली, कारण मोठी रक्तवाहिनी अरुंद असेल तर जांघेतली नाडी क्षीण लागते किंवा उशिरा येते.

"नुसता आवाज ऐकून मी निर्धास्त आहे," त्या म्हणाल्या, "पण काकांमुळे ईसीजी आणि टूडी इको दोन्ही करू." इकोत हृदयाची घडण दिसते : कप्पे, झडपा, भिंतींची जाडी. ठोक्यांच्या विजेतला बिघाड इकोत दिसत नाही, त्यासाठी ईसीजी. इकोला वीसेक मिनिटं लागली. जेल गार लागतं म्हणून ईरा तेवढी कुरकुरली. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल.

आता सर्टिफिकेट. हलके खेळवाला कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मर्मर लपवला नाही, ते मला आवडलं. कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी स्टेथोस्कोप लावला की तो पुन्हा ऐकू येणारच. त्यांनी लिहिलं : मर्मर निर्दोष, ईसीजी आणि इको नॉर्मल (दोन्हींच्या तारखा), खो-खो आणि इतर स्पर्धात्मक खेळांस योग्य, कोणतंही बंधन नाही. खाली सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. ईराचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळवून घेतली. शाळेने तो कागद दोन मिनिटांत घेतला.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून विषय कायमचा मिटला असं मात्र नाही. स्नायू जाड होण्याचा घराण्यातला आजार काही मुलांत वयात येताना दिसू लागतो. काका कशाने गेले ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे बारा-तेराव्या वर्षी पुन्हा ईसीजी आणि इको करायचंय. मध्येच खेळताना चक्कर आली तर तेवढंही थांबायचं नाही, खेळ बंद करून थेट त्यांच्याकडे जायचं.

निघताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "सख्ख्या भावाची गोष्ट आहे ही. तुमचा ईसीजी आणि इको कधी झालाय?" कधीच नाही. ईरा आता रोज सकाळी सातला मैदानावर असते. बाबांची अपॉइंटमेंट दोनदा पुढे ढकलली गेलीय. या शनिवारची मी घेतलीय, आणि सोबत मीही जाणार आहे.