सगळे पॉइंट झाले का?

डिसेंबरात तीन दिवस माथेरान करू या, असं मी आदल्या रात्री ग्रुपवर टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाऊन जरा पेंगत होते तेवढ्यात बाबांचा फोन. हॅलो नाही काही नाही, थेट, "तिथे पायऱ्या किती?"

आता हे तेच बाबा ज्यांनी आम्हाला लहानपणी तिथे छापील नकाशा हातात घेऊन पळवलं होतं. इको पॉइंट झाला, पेनाने टिक. लुईझा झाला, टिक. आई एखाद्या दगडावर टेकून पुऱ्यांचा डबा उघडायला लागली की, "जेवण काय घरीपण मिळतं, चला." मला त्यातला एकही पॉइंट धड आठवत नाही, पण पुऱ्यांची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन झाडावर बसलेलं माकड आणि खालून त्याला इंग्रजीत दरडावणारे बाबा अगदी स्पष्ट दिसतात.

तर पायऱ्या. यावेळी प्लॅन तिथूनच सुरू झाला. आईचे गुडघे, सासूबाईंची शुगर, बाबांना दुपारी झोप लागतेच, आणि माझी लेक, जिला फक्त घोडा हवाय. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल मातीचा रस्ता. हातरिक्षा बंद करा असं सुप्रीम कोर्टाने २०२५ सालीच सांगितलंय, ई-रिक्षा मोजक्या, त्यांच्या भरवशावर तीन म्हातारी माणसं न्यायची म्हणजे कठीण. घोड्यावर सासूबाई हे दृश्य मी मनातल्या मनात बघून घेतलं आणि सोडून दिलं. राहिली शटल. दस्तुरीपासून जवळच अमन लॉज स्टेशन, तिथून मिनी ट्रेन थेट बाजारपेठेतल्या माथेरान स्टेशनात. नेरळपासूनची पूर्ण गाडी रोमँटिक आहे, १९०७ सालची लाईन वगैरे सगळं खरं, पण दोन तासांहून जास्त वेळ त्या इवल्याशा डब्यात गुडघे दुमडून बसायचं हे आईला नाही झेपणार. वरचा शेवटचा तुकडा करू, फोटोपुरता तोच पुरे.

शनिवार-रविवारी या शटलला रांगा लागतात, म्हणून मंगळवार ते गुरुवार ठरवलं. हॉटेलंपण तेव्हा स्वस्त असतात. मात्र आठवड्यातल्या दिवशी फेऱ्या कमी, एक चुकली की नाक्यावर ताटकळत बसायचं, त्यामुळे वेळा आधी विचारून ठेवायच्या. जाताना सकाळची गर्दी ओसरल्यावर कर्जत लोकल, ती उलट्या दिशेची असल्याने बसायला मिळतं. नेरळहून शेअर टॅक्सी, तर आम्ही पाच जण, टॅक्सी जवळपास आमचीच. बॅगा दस्तुरीला हमालाकडे, पैसे आधी ठरवून. हे पैसे वाचवायला जाऊ नये, कारण बॅगा आपण उचलल्या की म्हातारी माणसं "दे इकडे, एक मी घेतो" म्हणतात आणि मग दोन दिवस कंबर.

हॉटेलवाल्याला फोनवर व्ह्यूबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तळमजला आहे का, कमोड आहे का, स्टेशनपासून रस्ता चढाचा आहे का, जेवण किती वाजता. तो बिचारा व्हॅली व्ह्यूचं सांगत होता. तळमजल्याच्या दोन खोल्या घेतल्या, एक आई-बाबांना आणि एक सासूबाई नि लेकीला, मी रात्री तिथेच गादी टाकीन. (नवऱ्याला रजा नाही, म्हणजे असं तो म्हणतो.) माणशी जेवणासकट पॅकेज आहे, आमची मंडळी खातात चिमणीएवढं आणि पैसे पूर्ण ताटाचे, हे बाबांना फार लागलंय. पण सासूबाईंना एक वाजता पानावर बसायला मिळणं महत्त्वाचं, हॉटेलं शोधत फिरताना शुगर उतरली की सगळी ट्रिप तिथेच संपते.

आणि पॉइंट रोज एकच, तोही सकाळी. पोचल्या दिवशी जेवून झोप, संध्याकाळी बाजारातून पेमास्टर पार्कपर्यंत. दुसऱ्या दिवशी शार्लोट लेक, तिथे पिसारनाथाचं देऊळ आहे म्हणून सासूबाई आपणहून चालतील, त्यांना नुसतं तळं म्हटलं असतं तर नसत्या आल्या. पॅनोरमा पॉइंट लांब, तो रद्द. आईला चढ चालतो हो, उतारावर गुडघे बोलतात, त्यातून त्या लाल मातीवर बारीक खडी असते, चप्पल सरकते. म्हणून तिला ग्रिपचे बूट घ्यायचे, जे ती साडीवर घालणार नाही म्हणतेय. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. नाश्ता, चेकआउट, शटल.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे तीन दिवसांत एक तळं?"

हो, एक तळं. वाचलेल्या पैशांची चिक्की येणार हे तर ठरलेलंच आहे, आणि बूट प्रकरण अजून चालूच आहे.