संध्याकाळी साडेसहाची पोटदुखी

"पोट रोज संध्याकाळीच, नेमकं अभ्यासाच्या वेळेला कसं दुखतं हो? आणि शी रोज होते ना?"

डॉक्टर, नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुमच्याआधी वर्गशिक्षिकेने, सासूबाईंनी आणि शेजारच्या काकूंनीही हेच विचारून झालंय. ओपीडीत मागे वीस पेशंट बसलेले असताना याचं धड उत्तर देता येत नाही. सोबत माझ्या मुलाच्या पोटदुखीच्या नोंदींची वही पाठवते आहे.

पहिलं म्हणजे, त्याचं पोट अभ्यासाला बसल्यावर दुखत नाही, खाल्ल्यावर दुखतं. अभ्यास खाण्यानंतर असतो, एवढंच. शाळा बारा ते साडेपाच. घरी येतो तो भुकेने कावलेला, कारण डबा अर्धा परत आलेला असतो. सहाला पोळीचा लाडू नाहीतर पोहे, वर ग्लासभर दूध. साडेसहा-पावणेसातला कळ सुरू. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, हे तुम्हीच मागे सांगितलं होतंत. खाली रस्ता अडलेला असेल तर त्या हलण्याचीच कळ होणार. रविवारी तो अभ्यासाला सकाळी दहाला बसतो, तेव्हा पोट दुखल्याची नोंद वहीत नाही.

दुसरं, "रोज होते." हे मीच तुम्हाला प्रत्येक वेळी सांगत आले, आणि बहुतेक दिवशी ते खरंही असतं. पण कधी, किती आणि कशी, हे लिहायला लागल्यावर त्या दोन शब्दांत काही अर्थ उरला नाही. तुमच्या भिंतीवरचा, शीचे प्रकार दाखवणारा ब्रिस्टल तक्ता मोबाईलवर काढून घेतला आणि त्यातला आकडा लिहायला लागले. एक म्हणजे सुट्या लेंड्या, चार म्हणजे मऊ आणि सलग. फ्लश करण्याआधी मला हाक मारायची, एवढंच त्याच्याकडून मागितलं. "पोट दुखतंय का?" असं मात्र घरात कुणी विचारायचं नाही असं ठरवलं, कारण विचारलं की मूल पोटाकडे लक्ष देतं आणि दुखायला लागतं. तो आपणहून म्हणाला तरच नोंद. वहीत 'गॅस', 'नाटक', 'नजर' हे शब्द लिहायचे नाहीत, दिसेल तेच लिहायचं.

एका आठवड्यातले चार दिवस इथेच उतरवते.

सोमवार: काल दुपारी जेवणानंतर भरपूर झाली होती, प्रकार 3. डबा संपला. तक्रार नाही.

मंगळवार: 10:50 ला जेवता जेवता लागली होती, पण 11:15 ची रिक्षा. "आल्यावर जातो." पाण्याची बाटली जवळजवळ भरून परत. 6:40 ला बेंबीभोवती तळहात फिरवून दाखवलं, पंधरा मिनिटं. रात्री चार लेंड्या, प्रकार 1.

बुधवार: सकाळी लागली नाही. डबा अर्धा. 6:35 ते 7:10 दुखलं. कपाटाला धरून टाचा उचलून उभा, पाय आवळलेले. शी नाही. चड्डीला डाग.

ते टाचा उचलून उभं राहणं सगळ्यांना जोर करणं वाटतं. तो जोर करत नाही, आवळून धरतो. मागे कधीतरी कडक झाली तेव्हा चिरलं असावं, कारण शीच्या वरून लाल रेघ दिसली होती. दुखेल या भीतीने धरायचं, धरल्याने आतडं पाणी शोषून घेणार, मग ती आणखी कडक आणि मोठी होणार. डागांवरून त्याला नीट न धुतल्याबद्दल बोलणी बसत होती. कडक गोळ्याच्या कडेने पातळ झिरपतं आणि त्याला ते कळतही नाही, हे लक्षात आल्यावर बोलणी बंद केली.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला भाताचे दोन घास घेऊन तो ताटावरून उठला आणि जमिनीवर कुशीवर आडवा झाला, गुडघे पोटाशी. रडत नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. ताप नाही, उलटी नाही. पावणेआठपर्यंत कळ येऊन जात होती, मधल्या वेळात तो चक्क टीव्ही मागत होता. या वेळी हात बेंबीवर नव्हता, डाव्या बाजूला खाली होता. तुमचा दवाखाना बंद, म्हणून जवळच्या हॉस्पिटलात गेलो. ड्युटीवरच्या डॉक्टरांना अपेंडिक्सची शंका आली. उजवीकडे दाबून पाहिलं, उड्या मारायला लावल्या. त्याने मारल्या. सोनोग्राफीत 'मेसेंटरिक लिंफ नोड्स' आणि 'बॉवेल गॅस' निघाला. लहान मुलांच्या पोटात बारीक गाठी बऱ्याचदा दिसतात, त्यावरून काही ठरत नाही, हे तुम्ही नंतर सांगितलंत. त्या रात्री मात्र 'गाठी' हा शब्द ऐकून घरात कुणी जेवलं नाही. तिथेही प्रश्न तोच: "उद्या परीक्षा आहे का?" मी वही पुढे केली, ती उघडली गेली नाही. शेवटी सिस्टरनेच विचारलं, "पोट साफ कधी झालं होतं?" ग्लिसरीनची सपोझिटरी लावली. वीसेक मिनिटांत एवढी शी झाली, की आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात ती मावली कुठे असा प्रश्न पडावा. फ्लशने जाईना. बाहेर येऊन त्याने वडापाव मागितला.

आता तुम्ही म्हणाल, मग उत्तर मिळालं की. तसं मला म्हणता येत नाही. पुढे शी मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर सुरू झाली, शी प्रकार 4 वर आली, आठवडाभर शांतता. मग गणिताच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पोट पुन्हा दुखलं, सकाळी छान साफ होऊनही. ही नोंद मी खोडलेली नाही. चाचणीने दुखत असेलही, पण तेव्हाही तो नाटक करत नव्हता, घामाघूम झाला होता. दुधाचंही तसंच. वहीच्या पहिल्या पानावर मी 'दूध!' असं लाल शाईने लिहिलंय. आठवडाभर बंद केलं, दुखणं तसंच राहिलं, म्हणून दूध निर्दोष ठरवून टाकलं. पण दिवसाला तीन ग्लास पोटात गेल्यावर पोळी-भाजीला जागा राहत नाही, हे तेव्हा धरलंच नव्हतं. सध्या दीड ग्लासवर आणलंय.

तुमच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं: दुखून रात्री झोपेतून उठत नाही. वजन 24 किलो, घटलेलं नाही. हिरवी उलटी, सांधेदुखी, अकारण ताप नाही. जंताची गोळी शाळेत मिळाली आहे. पोटातल्या कळेवरचं जुनं सिरप बंद केलंय. त्याने कळ थांबायची, पण दुसऱ्या दिवशी शी आणखी कडक व्हायची.

जेवणानंतर दहा मिनिटं कमोडवर बसवते, पायाखाली पाट. त्यासाठी जेवण साडेदहाला आणलंय, म्हणजे रिक्षा यायच्या आत वेळ मिळतो.

पावडरीचं मात्र तुमच्या तोंडून ऐकायचंय. घरचे म्हणतात सवय लागेल, आता बास करा. मी वाचलंय की किमान दोन महिने द्यायची आणि त्रास महिनाभर पूर्ण थांबल्यावरच हळूहळू कमी करायची. तसंच असेल तर कागदावर लिहून द्या, म्हणजे घरात रोज वाद नको. आतड्यात अजून शी साठलेली आहे की नाही हे हाताने तपासून कळेल, तेव्हा पुढच्या वेळी पोट डावीकडे खाली नीट दाबून पाहा. सीलिॲकची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची, रक्ततपासणी करायची की नाही, तेही तेव्हाच ठरवू.

आणि शाळेसाठी दोन ओळी हव्यात. मधल्या सुट्टीत मुलांच्या संडासाला रांग असते आणि दाराला कडी नाही. तासाला विचारलं तर "आत्ताच सुट्टी झाली ना" असं उत्तर मिळतं. तुमच्या लेटरहेडवर 'तासादरम्यान सोडावे, स्टाफचे स्वच्छतागृह वापरू द्यावे' एवढं असलं तरी चालेल. सोमवारी मुख्याध्यापिकांना भेटायचंय, त्याआधी मिळालं तर बरं.