तीन ऊर्जाप्रणाली आणि तीस मीटरच्या सहा धावा

गेल्या हंगामात माझ्याकडे चौदा ते सतरा वयोगटातील मुलामुलींचा एक मिश्र गट सरावाला होता. काही जण शंभर आणि दोनशे मीटर धावणारे होते, काही फुटबॉल खेळणारे, तर काही तीन हजार मीटरची तयारी करणारे. शरीराच्या तीन ऊर्जाप्रणाली त्यांना समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यांतील बहुतेकांना एक कोष्टक आधीच पाठ असल्याचे लक्षात आले. पहिल्या दहा सेकंदांपर्यंत स्नायूतच साठवलेले क्रिएटिन फॉस्फेट हे इंधन, तेथून दोन मिनिटांपर्यंत ग्लायकोलिसिस आणि त्यानंतर ऑक्सिजनवर चालणारी प्रणाली, असे ते कोष्टक होते. त्यातील आकडे अगदीच निराधार नाहीत, परंतु त्यावरून मुलांच्या मनात असे चित्र तयार होते, की एक प्रणाली थांबल्यावरच दुसरी सुरू होते. या चित्रामुळे वेगवान धावपटूला ऑक्सिजनशी काही देणेघेणे वाटत नाही आणि लांब पल्ल्याच्या धावपटूला क्रिएटिन फॉस्फेट हा परका विषय वाटतो. हे चित्र बदलणे हाच मी माझ्यापुरता मुख्य हेतू ठरवला.

सुरुवात एटीपीपासून, म्हणजे स्नायूंना थेट ऊर्जा देणाऱ्या रेणूपासून केली. स्नायूचे आकुंचन एटीपीवरच चालते आणि त्याचा तयार साठा इतका थोडा असतो, की पूर्ण जोराने धावताना तो दोन-तीन सेकंदही पुरणार नाही. प्रत्यक्षात हा साठा कधीच रिकामा होत नाही, कारण खर्च होताच तो भरून काढला जातो. हे भरणे समजावण्यासाठी मी एका हौदाची आणि तीन नळांची उपमा वापरली. पहिला नळ क्रिएटिन फॉस्फेटचा असून त्याची धार सर्वांत मोठी असते, परंतु त्यामागची टाकी लहान असते. दुसरा नळ ग्लायकोलिसिसचा, म्हणजे ऑक्सिजनची वाट न पाहता स्नायूत साखरेचा साठा म्हणून असलेले ग्लायकोजेन मोडून एटीपी बनवण्याचा. त्याची धार पहिल्याच्या साधारण निम्मी असते. तिसऱ्या, ऑक्सिजनच्या नळाची धार सर्वांत बारीक असते, पण त्यामागचा साठा तासन्‌तास पुरतो. तिन्ही नळ धाव सुरू होताच उघडतात, हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवले, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून होते.

वेगवान धावेसाठी उसेन बोल्टच्या २००९ सालच्या बर्लिनमधील ९.५८ सेकंदांच्या धावेचे वीस-वीस मीटरचे टप्पे घेतले : २.८९, १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६ सेकंद. सर्वांत वेगवान टप्पा साठ ते ऐंशी मीटरचा आहे आणि शेवटच्या टप्प्यात जगातील सर्वांत वेगवान माणूसही किंचित मंदावला आहे. मुलांनी लगेच ‘क्रिएटिन फॉस्फेट संपले’ असे उत्तर दिले. ते अर्धेच बरोबर आहे. तो साठा घटत जातो आणि त्याची धार पहिल्या काही सेकंदांनंतरच बारीक होऊ लागते हे खरे. परंतु इतक्या वेगात मेंदूकडून स्नायूंना जाणारे संदेश आणि पावलांचा ताल टिकवणेही अवघड होते, त्यामुळे सगळा दोष इंधनावर टाकता येत नाही. शिवाय सहा सेकंदांच्या पूर्ण जोराच्या श्रमातही ऑक्सिजनविना तयार होणाऱ्या एटीपीपैकी जवळजवळ निम्मा वाटा ग्लायकोलिसिसचा असतो. ‘पहिले दहा सेकंद फक्त पहिली प्रणाली’ हे विधान येथेच कोलमडते. चारशे मीटरबाबत सांगितले तेव्हा अधिक आश्चर्य व्यक्त झाले, कारण त्या शर्यतीत एकूण ऊर्जेपैकी साधारण चाळीस टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या प्रणालीतून येते.

इथपर्यंतची माहिती मुलांनी मान्य केली, पण ती त्यांना पटल्यासारखी वाटली नाही. म्हणून मैदानावर एक चाचणी घ्यायचे ठरवले. तीस मीटरच्या सहा धावा पूर्ण जोराने, आणि प्रत्येक दोन धावांमध्ये वीस सेकंदांची विश्रांती. स्टॉपवॉच मी मुद्दाम वापरले नाही, कारण इतक्या कमी अंतरात बोटाची चूक सेकंदाच्या दहाव्या भागाची सहज होते आणि आम्हाला तर त्याच प्रमाणातला फरक पाहायचा होता. अंतिम रेषेच्या सरळ रेषेत तिपाईवर मोबाइल ठेवून चित्रीकरण केले, सुटण्याचा इशारा हात खाली आणून चित्रचौकटीतच दिला आणि चौकटी मोजून वेळ काढली.

तीन मुलांच्या नोंदी आम्ही फळ्यावर मांडल्या. शंभर मीटर धावणाऱ्या मुलाच्या वेळा ४.३१, ४.३८, ४.५२, ४.६७, ४.७९ आणि ४.८८ सेकंद होत्या. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या ४.५०, ४.५४, ४.६१, ४.६८, ४.७३ आणि ४.७६ होत्या. तीन हजार मीटर धावणाऱ्या मुलाच्या ४.७२, ४.७४, ४.७९, ४.८२, ४.८६ आणि ४.८५ होत्या. पहिल्या धावेत वेगवान धावपटू लांब पल्ल्याच्या मुलापेक्षा ०.४१ सेकंदांनी पुढे होता आणि सहाव्या धावेत तो ०.०३ सेकंदांनी मागे पडला होता. ही ओळ वाचून झाल्यावर वर्गात जो गलबला झाला, तो कोणत्याही व्याख्यानाने झाला नसता.

घसरण मोजण्याची पद्धत सोपी आहे. सर्वोत्तम वेळेला सहाने गुणायचे, सहा वेळांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहायची आणि जास्तीचा वेळ टक्क्यांत मांडायचा. वेगवान धावपटूसाठी ४.३१ गुणिले ६ म्हणजे २५.८६ आणि प्रत्यक्ष बेरीज २७.५५, म्हणून घसरण साडेसहा टक्के. याच रीतीने फुटबॉलपटूची घसरण तीन टक्के आणि लांब पल्ल्याच्या मुलाची दीड टक्क्याच्या किंचित वर आली.

मग कारणाकडे वळलो. खर्च झालेले क्रिएटिन फॉस्फेट परत तयार होण्यासाठी लागणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या प्रणालीकडूनच येते. पूर्ण जोराच्या श्रमानंतर त्याचा निम्मा भाग भरून यायला प्रौढ माणसात साधारण अर्धा मिनिट लागते आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. वाढत्या वयातील मुलांमध्ये ही गती सहसा अधिक असते. वीस सेकंदांत टाकी पुरती भरत नाही, आणि ती किती भरेल हे तिसऱ्या नळाच्या धारेवर ठरते. पहिल्या नळाची टाकी तिसरा नळ भरतो, हे एवढे लक्षात आले की फुटबॉलपटूने लांब का धावावे, या प्रश्नाचे उत्तर मुलांना स्वतःच सापडते. हेच ताडण्यासाठी पुढच्या सरावात वेगवान धावपटूला प्रत्येक धावेनंतर तीन मिनिटांची विश्रांती दिली. तेव्हा त्याच्या सहाही वेळा ४.३० ते ४.३७ सेकंदांच्या दरम्यान राहिल्या.

या चाचणीच्या मर्यादाही मी त्याच वेळी सांगितल्या, कारण ‘लांब पल्ल्याचा मुलगा सर्वांत तंदुरुस्त’ असा निष्कर्ष काही जण काढू लागले होते. ज्याची पहिली धाव मुळातच संथ असते तो क्रिएटिन फॉस्फेट आणि ग्लायकोजेन कमी वेगाने खर्च करतो, म्हणून त्याची घसरण कमी दिसणारच. टक्केवारीसोबत प्रत्यक्ष वेळाही पाहाव्या लागतात, आणि तशा पाहिल्या तर सहाव्या धावेत सर्वांत पुढे फुटबॉलपटूच होता. दुसरा धोका हातचे राखून धावण्याचा असतो. सहा धावा आहेत हे ठाऊक असल्याने एखादा पहिल्या दोन धावांत जोर आवरतो आणि त्याचा आलेख सपाट येतो. म्हणून ताज्या दमाने धावलेल्या एकट्या तीस मीटरची वेळ आधी नोंदवून ठेवावी आणि पहिली धाव तिच्यापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक संथ असेल, तर पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर चाचणी नव्याने घ्यावी. एका मुलीच्या बाबतीत आम्हाला तसे करावे लागले आणि दुसऱ्या वेळी तिची घसरण पहिल्याच्या दुपटीहून अधिक निघाली.

ग्लायकोलिसिसमध्ये तयार होणाऱ्या लॅक्टेटचा, म्हणजे बोलीतल्या लॅक्टिक अ‍ॅसिडचा, प्रश्न येणार हे अपेक्षितच होते. ‘सर, चारशे मीटरनंतर पाय जड होतात ते लॅक्टिक अ‍ॅसिडमुळेच ना, आणि दुसऱ्या दिवशी दुखतात तेही?’ असे चारशे मीटर धावणाऱ्या एका मुलीने विचारले. दुखण्याचे उत्तर सरळ आहे : रक्तातील लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्ववत होते, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या वेदनेशी त्याचा संबंध नाही, ती वेदना स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेची असते. जडपणाचे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे. ग्लायकोलिसिस जोरात चालते तेव्हा स्नायूत आम्लता वाढते आणि क्रिएटिन फॉस्फेट मोडल्याने फॉस्फेट साचते. आकुंचनात अडथळा मुख्यतः या बदलांचा मानला जातो. लॅक्टेट मात्र हृदय आणि शेजारचे संथ स्नायूतंतू इंधन म्हणून वापरतात. तो कचरा नाही, हे मी दोनदा सांगितले, कारण हा गैरसमज फार चिवट आहे.

लांब पल्ल्यासाठी मी शर्यतीची सुरुवात निवडली. ऑक्सिजनची प्रणाली पहिल्या क्षणापासून चालू असली, तरी तिला त्या वेगाला आवश्यक तेवढी पातळी गाठायला मिनिट-दोन मिनिटे लागतात आणि मधली तूट पहिल्या दोन प्रणाली भरून काढतात. तीन हजार मीटरचा पहिला फेरा आवेशात धावणारा मुलगा ही तूट अकारण वाढवतो. त्याची खूण अशी, की दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात वेग कमी करूनही श्वास जागेवर येत नाही आणि फेऱ्यांच्या वेळा घसरत राहतात. शेवटच्या दोनशे मीटरचा जोर लावायला काही उरावे, यासाठी पहिला फेरा सरासरीच्या जवळ ठेवायचा असतो.

समजले की नाही हे पाहण्यासाठी मी व्याख्या विचारल्या नाहीत. सामन्याच्या ८५व्या मिनिटाला बचावपटू तीन सेकंद पूर्ण जोराने धावतो, त्याची ऊर्जा कोठून येते, एवढेच विचारले. पाठ केलेल्या कोष्टकाप्रमाणे उत्तर ‘ऑक्सिजन’ यायला हवे होते, कारण दोन मिनिटे केव्हाच उलटली आहेत. एका मुलाने लिहिले, की ती धाव मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेट आणि ग्लायकोलिसिसवर होईल, पण त्यातील क्रिएटिन फॉस्फेट किती शिल्लक आहे हे आधीच्या अर्ध्या मिनिटात तो उभा होता की धावत होता यावर, आणि ऑक्सिजनने ते किती भरले यावर ठरेल. त्याच्या उत्तरात मी एकच भर घातली : इतक्या उशिरा काही स्नायूतंतूंतील ग्लायकोजेन जवळजवळ संपलेले असते, त्यामुळे विश्रांती पुरेशी मिळाली तरी ती धाव पहिल्या मिनिटाइतकी वेगवान होईलच असे नाही.