पाइप मोठा टाकला तर लाइन तुंबेल कशी?

"पाइप थोडा मोठा टाकला की लाइन तुंबणारच नाही ना, मग तुम्ही गटारलाइनच्या डिझाइन रिपोर्टमध्ये स्लोपवरून एवढं का भांडता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. छोट्या गावातली गटारलाइन बहुतेक वेळा पाणी जास्त झाल्याने नाही, कमी पडल्याने तुंबते.

गल्लीतली एक शेवटची लाइन घ्या, पुढे 400 माणसं राहतील असं धरलेली. माणशी रोज 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे दिवसाचं सरासरी सेकंदाला अर्धा लिटर. सकाळी सगळे एकदम उठतात म्हणून पीक फॅक्टर 3 लावायचा, म्हणजे सरासरीच्या तिप्पट, झाले दीड लिटर. एवढंच पाणी!

आता 150 मिमी पाइप 1:200 स्लोपला, म्हणजे 200 मीटरला 1 मीटर उतार देऊन, टाकला तर पूर्ण भरून वाहताना वेग साधारण 0.61 मीटर प्रति सेकंद येतो, आणि माती-वाळू वाहून न्यायला पीकच्या वेळी निदान 0.6 तरी हवा असतो, म्हणून डिझाइन करणारे वेगाच्या कॉलममध्ये ओके लिहून मोकळे होतात. पण पाइप भरतोच कुठे? दीड लिटरला पाणी जेमतेम 38 मिमी चढतं आणि खरा वेग 0.43 च्या आसपास. असा एक रिपोर्ट माझ्याकडे तपासायला आला होता, पूर्ण तक्त्यात फक्त भरलेल्या पाइपचा वेग, मला खूप राग आला होता कारण त्यावर खोदकाम सुरू होणार होतं.

बरं, पाइप 200 मिमी केला तर? त्याच स्लोपला पाणी आणखी पसरतं, खोली 34 मिमी, वेग 0.41. म्हणजे पैसे जास्त आणि लाइन जास्त सुस्त. स्लोप 1:80 केला तर 150 मिमीलाच जवळपास 0.6 मिळतो.

पण फुकट काहीच नाही. 240 मीटर लाइनला 1:200 ने 1.2 मीटर उतार लागतो, 1:80 ने 3 मीटर. सपाट जमिनीत पुढचं सगळं नेटवर्क तेवढं खोल जातं, कडा ढासळू नयेत म्हणून आधार द्यावा लागतो, भूजल लागलं तर उपसावं लागतं, कधी मध्येच पंपिंग स्टेशन येतं. म्हणून मी फक्त सुरुवातीच्या टोकाला जास्त स्लोप देते, पुढे पाणी वाढत जातं तसा तो कमी करत नेते.

आणि 400 माणसं 30 वर्षांनी येणार, आज कदाचित 150 च असतील, म्हणजे आज पीकला अर्ध्या लिटरपेक्षा थोडंच जास्त पाणी मिळतं, 1:80 लासुद्धा वेग 0.44 च राहतो. म्हणून आजच्या फ्लोवर वेगळा तक्ता लागतोच, आणि जिथे वेग 0.6 ला पोहोचत नाही त्या टोकांच्या मॅनहोलची यादी करून ठराविक दिवसांनी टँकरने फ्लशिंग करायचं, असं रिपोर्टमध्ये लिहायचं. सकाळी पीकच्या वेळी त्या मॅनहोलचं झाकण उघडून बघा, तळाशी वाळूचा पट्टा आणि त्यावरून पातळ धार जाताना दिसली तर फ्लशिंग आणखी लवकर लवकर करावं लागेल.