संत्र्याचा ताण, फसवा सेन्सर आणि व्हायवाची पहिली पाच मिनिटं

आमच्या विभागात पीएचडीच्या व्हायवाची रीत ठरलेली आहे. उमेदवाराने आधी पाच मिनिटांत प्रश्न काय होता, तो कसा हाताळला आणि नवीन काय हाती आलं ते सांगायचं, मग परीक्षक विचारायला मोकळे. काही ठिकाणी अर्धा तास बोलू देतात. आमच्याकडे नाही. बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध वाचलेला असतो, पण खुल्या व्हायवाला बसलेल्या बाकीच्यांनी तो पाहिलेलाही नसतो. त्या दोघांना एकाच वेळी पुरेल असं बोलायचं असतं.

माझा विषय काळ्या जमिनीतल्या संत्राबागांचा. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात, म्हणजे झाडाला ताण देतात. ताण पुरेसा बसला की पाणी सोडायचं आणि फूल धरायचं. ताण कमी पडला तर फुलांऐवजी पालवी जोर धरते, जास्त झाला तर पानं गळतात. हा अंदाज बागायतदार पानांकडे पाहून घेतात. अलीकडे काही जण जमिनीत ओलाव्याचे सेन्सर पुरतात आणि माझं काम त्या सेन्सरचं होतं.

पहिला मसुदा मी नेहमीच्या पद्धतीने लिहिला आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐकला. ऐकताना शेजारी कागद घेऊन कोणता भाग किती वेळ खातो ते लिहीत गेले. नागपुरी संत्र्याचं महत्त्व, 2014 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, विदर्भातलं सिंचन, आधीच्या संशोधकांनी काय केलं, एवढ्यातच तीन मिनिटांच्या वर गेली. मग उपकरणं आणि प्रयोगाची मांडणी. नवीन काय सापडलं ते येईपर्यंत पाच मिनिटं संपली होती, आणि तिथेही वाक्य असं होतं: "काळ्या जमिनीतील सेन्सरच्या अचूकतेचा सखोल अभ्यास करण्यात आला."

इंग्रजीत तांत्रिक मजकूर बोलताना माझा वेग मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्दांचा. म्हणजे सगळं मिळून पाचशे शब्द हातात. मसुदा त्याच्या दुप्पट. पहिल्यांदा मी सगळीकडून थोडं थोडं छाटत बसले: इथलं विशेषण, तिथलं एक वाक्य. त्याने वेळ कमी झाली, पण भाषण गुदमरल्यासारखं वाटू लागलं. प्रत्येक गोष्टीचा उल्लेख होता आणि एकही नीट सांगितलेली नव्हती.

मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, सगळं बाजूला ठेवायला लावलं. म्हणाल्या, "शेवटचं वाक्य आधी लिही. आणि ते वाक्य काम सुरू करायच्या आधी लिहिता आलं असतं का, ते स्वतःला विचार. आलं असतं, तर तो उद्देश झाला, योगदान नाही." माझं 'सखोल अभ्यास'वालं वाक्य तर नोंदणीच्या अर्जातसुद्धा चाललं असतं.

मग योगदानाचं वाक्य असं झालं: "काळ्या जमिनीत सेन्सरचं वाचन खाली आलं, तर जमीन खरंच सुकली की सेन्सरजवळ भेग पडली, हे त्याच सेन्सरच्या तासातासाच्या नोंदींवरून ओळखण्याचा नियम आम्ही दिला." हे आधी लिहिणं शक्य नव्हतं, कारण असा नियम निघेल हे ठाऊकच नव्हतं.

हे वाक्य कागदावर आलं आणि वरचा प्रश्नाचा भाग आपोआप चुकीच्या मापाचा दिसू लागला. मी प्रश्न मांडला होता संत्राबागेच्या पाणी व्यवस्थापनाचा, आणि उत्तर देत होते भेग ओळखण्याचं. ऐकणारा साहजिकच विचारणार की मग उत्पादन किती वाढलं, पाणी किती वाचलं? माझ्या प्रबंधात यातलं काहीच मोजलेलं नाही. वेळ वाचवायला म्हणून नव्हे, तर असे प्रश्न ओढवून घ्यायचे नाहीत म्हणून प्रश्न लहान करायला हवा होता. योगदान जेवढं, प्रश्न तेवढाच.

तो नेमका कसा मांडायचा हे मात्र विभागात सुचलं नाही. काटोलकडे मामांची बाग आहे, माझे काही सेन्सर तिथेच पुरलेले होते. मामांना मी भाषण मराठीत ऐकवलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे तुही मशीन म्हणते जमीन सुकली, अन् खोदून पाह्यलं तं ओली. मंग माणूस पाणी सोडून देते अन् ताण तुटून जाते. असंच ना?"

असंच. संत्र्याचा इतिहास, मानांकन आणि आधीच्या संशोधनाचा परिच्छेद गेला. त्या जागी चार गोष्टी आल्या: ताण कधी तोडायचा हा निर्णय आता काही बागांत सेन्सरवर घेतला जातो, काळी जमीन सुकताना आकसते आणि भेगाळते, भेग सेन्सरच्या दांड्यांपाशी पडली की वाचन एकदम कोसळतं, आणि बागायतदार वेळेआधी पाणी सोडतो. आधीच्या संशोधनापैकी एकच ओळ ठेवली, भेगांमुळे वाचन बिघडतं हे माहीत आहे पण चालू नोंदींमधून ते ओळखायचं कसं हा भाग मोकळा आहे, एवढ्यापुरती.

वाचन का कोसळतं हे एका वाक्यात सांगणं जमलं ते आकड्यांमुळे. हे सेन्सर ओलावा थेट मोजत नाहीत, आसपासच्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोजतात. पाण्याचा सुमारे 80, कोरड्या मातीचा 3 ते 5, हवेचा 1. दांडी आणि माती यांच्यामध्ये हवेची फट आली की सेन्सरला ती अतिकोरड्या मातीसारखीच दिसते. हे तीन आकडे ठेवले, स्मेक्टाइट खनिजाच्या फुगण्या-आकसण्याचं वर्णन काढलं. मला ते फार आवडायचं, पण त्याच्यावाचून ऐकणाऱ्याचं काही अडत नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मधल्या भागावर. पद्धत सांगताना मन हातखंडा यादीकडे धावतं: किती बागा, किती खोली, कोणता लॉगर, हवामानाच्या नोंदी, आकडेमोड. मी कसोटी अशी लावली की योगदानाच्या वाक्यावर विश्वास बसायला जे लागतं तेवढंच राहील. त्या हिशेबाने लॉगर गेला, हवामान गेलं, आकडेमोड गेली. राहिला एक आलेख.

त्या आलेखात दोन रेषा आहेत. निरोगी झाडाखाली जमीन खरीच सुकत असते तेव्हा ओलाव्याची रेषा पायऱ्यांसारखी उतरते: दिवसा मुळं पाणी ओढतात म्हणून उतार, रात्री जवळपास सपाट. भेग पडते तेव्हा रेषा काही तासांत कोसळते, मग ती वेळ रात्रीची का असेना, आणि त्यानंतर पायऱ्या दिसेनाशा होतात, कारण सेन्सर आता मुळांजवळची माती मोजतच नसतो. नियम याच फरकावर उभा आहे. शब्दांत हे सांगायला एक मिनिट लागायचं. आलेखावर बोट ठेवलं की पंधरा-वीस सेकंदांत कळतं. म्हणून बाकी स्लाइड काढून तीनच ठेवल्या. 'विषयसूची' आणि 'धन्यवाद' या दोन्ही स्लाइडना मी पाच मिनिटांच्या भाषणात जागा देत नाही, कोणी काही म्हणो.

आलेखाच्या नादात मी एक गरजेचं वाक्यही छाटलं होतं. एका ज्युनिअरला भाषण ऐकवलं, तिचा विषय पूर्ण वेगळा. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, पण सेन्सर चुकला आणि माती बरोबर होती, हे तुला कसं कळलं? मातीच सुकली असेल तर?" तिला ते कळायला मार्गच नव्हता. वेळोवेळी शेजारची माती काढून, 105 अंशांवर ओव्हनमध्ये 24 तास वाळवून, वजनातल्या फरकावरून खरा ओलावा काढला होता, हे मी 'प्रयोगशाळेतील तपशील' म्हणून उडवलं होतं. तो तपशील नव्हता, संपूर्ण दाव्याचा आधार होता. ते वाक्य आलेखाच्या आधी परत आलं, आणि आलेखावर ओव्हनची वाचनं ठळक ठिपक्यांनी दाखवली. रेषा कोसळते, ठिपके जागेवर राहतात. यानंतर हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मर्यादा सांगायची की नाही यावर मॅडमचं आणि माझं थोडं वाजलं. ताण खोल गेला की झाड पाणी जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे पायऱ्या मंदावतात आणि माझा नियमही कमजोर पडतो. म्हणजे बागायतदाराच्या निर्णयाची वेळ अगदी जवळ आलेली असते, नेमका तेव्हाच. मॅडमचं मत, पाच मिनिटांत स्वतःहून दुबळी बाजू कशाला दाखवायची. माझं मत, बाहेरचे परीक्षक प्रबंधात ते वाचूनच येणार आहेत, मग ते माझ्याच तोंडून आलेलं बरं. अखेर ते ठेवलं, पण भाषणाच्या शेवटी नाही, योगदानाच्या वाक्याला लागूनच: नियम ताणाच्या पहिल्या टप्प्यात खात्रीचा, पुढे एकट्याने पुरेसा नाही, तिथे पानांचं तापमान सोबत बघावं लागेल. मर्यादा अगदी शेवटी टाकली असती, तर भाषण माघार घेतल्यासारखं संपलं असतं.

विभागणी अशी झाली: प्रश्नाला साधारण दीड मिनिट, पद्धतीला दीड, योगदान आणि मर्यादेला दीड, उरलेला अर्धा मिनिट रिकामा. तो रिकामाच ठेवायचा. माईक चालू होणं, स्लाइड अडकणं, कोणी उशिरा आत येणं, यातच तो जातो. पाठांतर फक्त पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन वाक्यांचं केलं. मधलं पाठ केलं की एक शब्द निसटला तरी गाडी थांबते, हे सरावात दिसलं होतं.

कापलेलं सगळं फेकलं नाही. शेवटच्या स्लाइडच्या मागे ते ठेवलं, प्रबंधातल्या प्रकरणांच्या क्रमाने नाही, तर कोणता प्रश्न आधी येईल त्या क्रमाने. सगळ्यात पुढे तापमानाची स्लाइड होती, कारण जाणकार माणूस पायऱ्या पाहिल्याबरोबर हीच शंका घेणार: असे सेन्सर तापमानालाही थोडा प्रतिसाद देतात, मग या पायऱ्या दिवस-रात्रीच्या तापमानाच्याच नसतील कशावरून?

बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. स्लाइड उघडून मी सांगितलं की तापमानामुळे रेषा वर-खाली झुलते आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी परत येते, मुळांनी ओढलेलं पाणी मात्र परत येत नाही, म्हणून दर पायरी आधीच्या पायरीच्या खालीच राहते. शिवाय सेन्सर 30 सेंटिमीटरवर होते, तिथवर दिवसाच्या तापमानाची लाट बरीच मंदावते आणि उशिरा पोचते. त्यांनी विचारलं, "आणि 10 सेंटिमीटरवर?" तिथे नियम वापरू नये असं मी म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही खोलीवरच बोलत राहिलो.